छोट्या कंपनीचा नोकरभरतीचा व्हिडिओ: स्क्रिप्टमध्ये पगार सांगावा का, आणि कसा?

शाईची_दौत

आमची कंपनी चौदा माणसांची. पाण्याचे पंप दुरुस्त करणं आणि वर्षाच्या करारावर त्यांची देखभाल करणं, हे काम. दोन टेक्निशियन हवे आहेत. मालकांचं म्हणणं, जाहिरात कोणी वाचत नाही, व्हिडिओ करू. स्क्रिप्ट लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. पहिला खर्डा असा:

"नमस्कार मित्रांनो! गेली अनेक वर्षं ग्राहकांच्या विश्वासाला पात्र ठरलेल्या आमच्या कुटुंबात आपलं स्वागत आहे. आम्ही झपाट्यानं वाढत आहोत आणि या वाटचालीत आम्हाला साथ हवी आहे तुमच्यासारख्या होतकरू, उत्साही तरुणांची! सर्व्हिस इंजिनिअर या पदासाठी आकर्षक पगार, २० ते ४५ हजारांपर्यंत! प्रगतीच्या अमर्याद संधी! मग वाट कसली बघताय? आजच खालच्या लिंकवर क्लिक करा, क्यूआर कोड स्कॅन करा, ईमेल करा किंवा ऑफिसात समक्ष भेटा!"

प्रश्न दोन. पगाराचा आकडा घालावा की मालक म्हणतात तसं "योग्यतेनुसार" म्हणून मोकळं व्हावं? आणि अर्ज कुठे करायचा हे कसं सांगावं? व्हिडिओ कंपनीच्या पानावर जाईल, पण खरा फिरेल तो व्हॉट्सअ‍ॅपवर. (पगाराचे आकडे थोडे बदलून लिहिलेत.)

चहाटळ

"आमच्या कुटुंबात स्वागत" म्हणजे सुट्टीच्या दिवशीही फोन येणार, एवढं कळलं. पुढचं ऐकलं नाही.

पागोळी

कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, मागे साधी भिंत असू द्या, आणि पगाराची अपेक्षा व्हिडिओत मुळीच बोलू नका. ती समोरच्यानं विचारल्यावर सांगायची. दीड मिनिटात आधी शिक्षण, मग अनुभव.

शाईची_दौत

@पागोळी, आम्ही नोकरी मागत नाही, देतोय.

पागोळी

अरेच्चा. शीर्षक अर्धंच वाचलं. कॅमेऱ्याच्या उंचीचं मात्र तसंच राहू द्या.

लंबक

खर्ड्यातला पहिला घोटाळा पगाराचा नाही, पदाच्या नावाचा आहे. वर "टेक्निशियन हवेत" लिहिलंत आणि स्क्रिप्टमध्ये "सर्व्हिस इंजिनिअर" झालं. नाव भारदस्त वाटतं म्हणून बरेच जण असं करतात. मग पदवीधर इंजिनिअर अर्ज करतात आणि काम ऐकून परत जातात. ज्याला पंप खरोखर उघडता येतो तो "हे आपल्यासाठी नाही" म्हणून पुढे सरकतो. माणूस स्वतःच्या कामाला ज्या नावानं ओळखतो तेच नाव घाला. "सर्व्हिस टेक्निशियन, पंप दुरुस्ती." बस.

दुसरी गोष्ट क्रमाची. तुमच्या खर्ड्यात पद कधी कळतं ते घड्याळ लावून बघा. मी मोठ्यानं वाचलं तर जवळजवळ वीस सेकंद गेले. बघणाऱ्याचा अंगठा काचेवरच असतो. पहिल्या पाच सेकंदांत पद आणि जागेचा भाग, लगेच पगार, मग काम काय, शेवटी अर्ज. कंपनीची ओळख एका वाक्यात आणि पगारानंतर. आधी पगार ऐकला की माणूस ओळख ऐकायला थांबतो, उलटं होत नाही.

तिसरी म्हणजे काम. "प्रगतीच्या अमर्याद संधी" यातून हाताला काय लागेल ते कळत नाही. त्याऐवजी एक दिवस सांगा. दिवसाला किती ठिकाणी जायचं, तिथे काय उघडायचं, काय बदलायचं, रात्री बोलावणं येतं का, सुट्टी कधी. रात्रीचं काम लपवलंत तर मुलाखतीत निघेल, तिथे नाही तर पहिल्याच महिन्यात निघेल, आणि दुसरा व्हिडिओ करावा लागेल.

शाईची_दौत

@लंबक, पदाचं नाव बदलते. रात्रीचे कॉल आहेत, महिन्याला साधारण चार. मालकांना ते व्हिडिओत नको होतं.

वाटसरू

पगार सांगायचा की नाही हा प्रश्नच उरत नाही. २०२३ पासून युरोपात प्रत्येक जाहिरातीत पगार लिहिणं सक्तीचं आहे, अमेरिकेतही तेच. हळूहळू सगळीकडे येणार. घालून टाका.

निळा_डबा

@वाटसरू, अर्धं बरोबर. युरोपियन युनियनचा तो निर्देश २०२३ चा, पण त्यावरून आपापले कायदे करायला सदस्य देशांना ७ जून २०२६ पर्यंत मुदत दिली होती. आणि पगार जाहिरातीतच हवा असं त्यात नाही. जाहिरातीत सांगा किंवा मुलाखतीच्या आधी सांगा, उमेदवाराला आकडा माहीत असताना बोलणी व्हावीत, हा हेतू. आधीच्या नोकरीतला पगार विचारायलाही त्यात मनाई आहे.

अमेरिकेत देशभराचा एक नियम नाही, राज्याराज्यांचे वेगळे आहेत. कोलोराडोत १ जानेवारी २०२१ पासून जाहिरातीतच पगार द्यावा लागतो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२३ पासून, पण १५ किंवा जास्त कामगार असतील तर.

चहाटळ

दौतबाई चौदा जण म्हणाल्या. थोडक्यात सुटल्या.

निळा_डबा

हो, आणि दोन घेतले की सोळा होतील. :)

त्याच निर्देशात पदाचं नाव आणि जाहिरात स्त्री-पुरुष भेद न करणारी असावी असंही आहे. खर्ड्यातला "होतकरू तरुण" हा शब्द कायदा असो नसो, काढाच. पंचेचाळिशीचा, वीस वर्षं पंप उघडलेला माणूस तो ऐकून अर्ज करत नाही, आणि तुम्हाला हवा आहे तोच. बायकाही तिथेच थांबतात.

हिशेबनीस

मला "२० ते ४५" मध्ये रस आहे. ही रेंज नाही, ही दोन-तीन वेगळ्या गोष्टींची मोळी आहे. वरचं टोक खालच्याच्या दुपटीहून जास्त असेल तर बहुतेक वेळा तसंच असतं. दौतताई, एक काम करा. ४५ कुठून आले ते मालकांना विचारा. सगळ्यात जुन्या माणसाच्या सगळ्यात चांगल्या महिन्याचा आकडा असेल. आणि २० कोणाला मिळतात तेही विचारा.

शाईची_दौत

विचारलं. तुम्ही आमच्या ऑफिसात बसता की काय? सगळ्यात जुन्याचा पगार ३०, एका महिन्यात रात्रीच्या कॉलचे ६, करार नूतनीकरणाचा बोनस ४ आणि गाडीच्या इंधनाचे ५. एकूण ४५. आणि २० म्हणजे शिकाऊ मुलाला पहिले सहा महिने देतात ते. आत्ता शिकाऊ नकोच आहे.

हिशेबनीस

मग आता एकेक काढून टाका. शिकाऊ नको आहे, तर २० गेले. इंधनाचे पैसे त्यानं आधी खिशातून घातलेले असतात, ते परत देणं म्हणजे पगार नव्हे. ५ गेले. बोनस दर महिन्याला येत नाही, तो बोलायचा तर वेगळ्या वाक्यात. रात्रीच्या कॉलचे पैसे मिळतात खरे, पण तेही वेगळे सांगा. उरला निश्चित पगार, आणि रेंज फक्त त्याची सांगायची. वरचं टोक ३०. खालचं टोक तुम्ही ठरवायचं: एक वर्षाचा अनुभव असलेला माणूस दारात उभा राहिला तर त्याला प्रत्यक्षात किती द्याल?

आणि "पर्यंत" या शब्दाला जपा. "४५ हजारांपर्यंत" म्हटलं की ऐकणारा ४५ धरून येतो. मुलाखतीत २४ ऐकल्यावर त्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि त्याचं काही चुकत नाही. दोन्ही टोकं एका दमात बोला, पाठोपाठ कोणत्या टोकाला कोण, ते सांगा. वर्षाच्या अनुभवाला हे, पाच वर्षांच्या अनुभवाला ते. शिवाय आकडा महिन्याचा आहे आणि कपातीआधीचा की हातात पडणारा, हे शब्दांत आलंच पाहिजे.

शाईची_दौत

मालक म्हणाले वर्षाच्या अनुभवाला २४. म्हणजे "२४ ते ३०, कपातीआधी". जमलं?

हिशेबनीस

व्हिडिओपुरतं जमलं. आता खरी अडचण. सध्या तुमच्याकडे या कामावर अजून कोण आहेत, किती वर्षांचे, आणि त्यांना काय मिळतं? हा व्हिडिओ पहिल्यांदा तेच बघणार आहेत.

शाईची_दौत

३० वाल्याशिवाय दोघे. एकाला चार वर्षं झाली, २६ मिळतात. दुसऱ्याला दोन वर्षं, २३.

आत्ता लिहितानाच लक्षात आलं.

हिशेबनीस

तेच. एक वर्षाला २४, पाच वर्षांना ३०. मधल्या चार वर्षांत ६ हजार वाढतात, म्हणजे वर्षाला दीड. या मापानं दोन वर्षंवाला साडेपंचवीसवर हवा, आहे २३ वर. चार वर्षंवाला साडेअठ्ठावीसवर हवा, आहे २६ वर. दोघेही अडीच-अडीच हजारांनी मागे. व्हिडिओ बाहेर पडला की दोन वर्षंवाल्याला कळेल, आपल्यापेक्षा नवखा माणूस आपल्यापेक्षा जास्त घेऊन येतोय.

दोन वाटा आहेत. दोघांना वर आणा; महिन्याला पाच हजार जादा लागतील. नाही तर रेंज खाली आणा. २२ ते २६ धरलीत तर वर्षाला एक हजार वाढ होते, दोन वर्षंवाल्याचे २३ बरोबर बसतात, चार वर्षंवाला २५ च्या जागी २६ घेतो. कोणाचीच तक्रार नाही, पण मग २२ मध्ये अनुभवी माणूस येतो का, हे तुम्हीच जाणे.

"योग्यतेनुसार" म्हणून हा हिशेब टळत नाही. नव्याचा पगार जेवणाच्या सुट्टीत कळतोच, फक्त थोड्या उशिरा.

रखवालदार

मला हे पटत नाही. रेंज जाहीर केली की प्रत्येक जण वरचंच टोक मागतो. छोट्या कंपनीला ते झेपत नाही. खालचा आकडा "पासून पुढे" म्हणून सांगा, घासाघीस समोरासमोर करा. "२४ हजारांपासून पुढे." यात खोटं काहीच नाही.

लंबक

@रखवालदार, खोटं नाही, पण "पासून पुढे" ऐकून पाच वर्षंवाला यायचाच नाही. त्याला आत्ता २७ मिळत असतील तर २४ ऐकून तो फोन खाली ठेवतो. वरचं टोक त्याच्यासाठीच सांगायचं असतं. सगळे वरचं मागतात हे खरं, म्हणून तर टोकाला अट बांधायची. "पाच वर्षं आणि एकट्यानं पंप उघडून परत बसवता येतो" अशी अट असली की मुलाखतीत वाद कमी होतो. समोर एक पंप ठेवायचा आणि म्हणायचं, उघडा.

रखवालदार

अट लावली तरी मागणारे मागतातच. असो, ज्याची त्याची पद्धत.

झारा

आमच्याकडे शिवणकाम आहे, पगार नगावर. रेंज कशी सांगायची? एक बाई महिन्याला १२ नेते, दुसरी २६. दोन्ही खरं आहे.

हिशेबनीस

@झारा, मग रेंज सांगूच नका, दर सांगा. एका नगाचा दर, आणि तीन महिने हात बसल्यावर मधल्या वेगाची बाई दिवसात किती नग करते तो आकडा. सगळ्यात वेगवान बाईचा आकडा सांगायचा मोह होतो, तो टाळा. काम कमी असलेल्या महिन्यात किमान काही देत असाल तर तेही बोला, कारण नगावर काम करणाऱ्याला भीती त्याच महिन्याची असते. आणि उसवून परत शिवायच्या नगाचे पैसे मिळतात की नाही?

झारा

नाही मिळत. बरं, तेही सांगायला लागेल म्हणता.

कट_टू

अर्जाच्या भागावर कोणी बोललंच नाही, म्हणून लिहितो. दौत, तुमच्या खर्ड्यात अर्जाच्या चार वाटा आहेत आणि त्यातल्या दोन चालणारच नाहीत.

"खालच्या लिंकवर क्लिक करा": खाली म्हणजे कुठे? तुमच्या पानावर व्हिडिओखाली मजकूर असेल. कोणी तो उतरवून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की मजकूर मागे राहतो, नुसता व्हिडिओ पुढे जातो. ज्याच्यापर्यंत पोचला त्याच्यासाठी "खाली" काहीच नाही. म्हणून अर्जाला लागणारं सगळं चित्रातच हवं.

"क्यूआर कोड स्कॅन करा": ज्या फोनवर कोड दिसतोय त्याच फोनचा कॅमेरा त्यावर धरता येत नाही. स्क्रीनशॉट काढून वाचता येतो, पण किती जण ती उठाठेव करतील? क्यूआर भिंतीवरच्या कागदासाठी ठीक.

एकच वाट ठेवा: एक नंबर, व्हॉट्सअ‍ॅपसाठी. मालकांचा खासगी नको, वेगळं सिम घ्या, कारण हा नंबर वर्षभर फिरत राहणार आहे. नंबर पडद्यावर सलग आठ-दहा सेकंद हवा. माणूस कागद शोधतो, लिहितो, पडताळतो, आणि दोन सेकंदांत नंबर गेला की मागे ओढत बसतो. आवाज बंद करून बघणारे खूप असतात, म्हणून पद, पगार, नंबर आणि तारीख लिहूनही दिसली पाहिजेत. बाकी बोलणं नाही लिहिलं तरी चालेल.

अक्षरं कुठे ठेवता तेही बघा. उभा व्हिडिओ १०८०×१९२० चा केलात तर अ‍ॅप त्याच्या खालच्या भागावर नाव-मजकूर आणि उजव्या कडेला बटणं चढवतं. खालचा साधारण पाचवा भाग आणि उजवी कड मोकळी सोडा. नंबर तळाशी ठेवून नेमका तोच झाकला गेलेले व्हिडिओ रोज दिसतात. अक्षरं जाड घ्या. व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ दाबून लहान करतं, त्यात बारीक अक्षर चिकटतं आणि ३ चा ८ होतो.

खडूफळा

आकड्यांवरून आठवलं. मराठीत आकडे *बोलताना* सांभाळा. "एकोणतीस" आणि "एकोणचाळीस" फोनच्या बारक्या स्पीकरवर, त्यात मागे मशीनचा आवाज, सारखेच ऐकू येतात. पगाराची टोकं चोवीस आणि तीस आहेत हे बरं. साडेअठ्ठावीस वगैरे असते तर पूर्ण करून घ्या म्हटलं असतं.

फोन नंबर तर जोड्यांनी बोलूच नका. "अठ्ठ्याण्णव, सत्त्याऐंशी, एकोणसत्तर" ऐकताना निम्म्या लोकांना मनात भाषांतर करावं लागतं. एकेक अंक बोला, तीन-तीन-चार असे गट करून मध्ये श्वास घ्या.

चहाटळ

एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांतला फरक मला अजून विचारून घ्यावा लागतो.

वाटसरू

पडद्यावर आकडे देवनागरी की इंग्रजी?

खडूफळा

@वाटसरू, पगार देवनागरीत शोभतो. नंबर मात्र फोनच्या कीपॅडवर जसे अंक असतात तसाच लिहावा. बघून दाबायचाय ना. यावर इथे आधी दोनशे प्रतिसादांची मारामारी झाली आहे, परत नको.

रखवालदार

व्हॉट्सअ‍ॅपवर नुसते "Hi" आणि "जागा आहे का" येतात. दोनशे "Hi" निस्तरायला कोणाला वेळ आहे? त्यापेक्षा ऑनलाइन फॉर्म करा, बायोडेटा तिथेच अपलोड होईल, माणूस गंभीर आहे की नाही ते कळेल.

कट_टू

गूगल फॉर्ममध्ये फाइल अपलोडचा प्रश्न घातला की भरणाऱ्याला गूगल खात्यात लॉग-इन करावंच लागतं. पासवर्ड विसरलेला उत्तम टेक्निशियन तिथेच गळतो. गंभीर नव्हता म्हणून गळला असं आपण समजतो. शिवाय लिंकचा प्रश्न परत आलाच.

"Hi" वर उपाय स्क्रिप्टमध्येच आहे. काय लिहून पाठवायचं ते सांगा, आणि नमुना पडद्यावर दाखवा. तीन गोष्टी पुरतात: नाव, राहायला कुठे, पंपांवर किती वर्षं. तीन ओळींचा नमुना दिसला की लोक तसाच लिहितात. बिझनेस अ‍ॅप घेतलंत तर आपोआप जाणारा निरोपही लावता येतो, "तीन गोष्टी पाठवा" असा. आणि कॉमेंटमध्ये "इच्छुक" लिहिणाऱ्यांसाठी एक ओळ: कॉमेंट हा अर्ज धरला जाणार नाही.

लंबक

दोन वाक्यं अजून. एक, शेवटची तारीख, महिना आणि वर्षासकट, पडद्यावर. फॉरवर्ड झालेला व्हिडिओ मरत नाही. जागा भरल्यावर आठ महिन्यांनी कोणीतरी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतो आणि तुमचा फोन परत वाजायला लागतो.

दुसरं, "अर्जाचे किंवा मुलाखतीचे पैसे आम्ही घेत नाही." हे घातल्यानं फसवणूक थांबते असं नाही. कोणी तुमचा व्हिडिओ घेऊन खाली स्वतःचा नंबर लिहून "नोंदणी शुल्क" मागू शकतो. पण वाक्य व्हिडिओच्या आवाजात असलं की निदान ऐकणाऱ्याला शंका येते. तेच कारण नंबर चित्रात कोरायचं, आणि तोच नंबर कंपनीच्या पानावरही ठेवायचं.

शाईची_दौत

सगळ्यांचं धरून परत लिहिलं. मालकांनी आकडा मान्य केला, २४ ते ३०. दोघांना वाढवायलाही तयार आहेत, जरा कुरकुरत.

*चित्र: बाकावर उघडलेला पंप, दोन हात जुनं सील ओढून काढताहेत. पडद्यावर पद, जागा २, पगार.*

"पंप दुरुस्तीसाठी दोन सर्व्हिस टेक्निशियन हवे आहेत. पगार महिन्याला चोवीस ते तीस हजार, कपातीआधी. एक वर्षाच्या अनुभवाला चोवीस. पाच वर्षांचा अनुभव आणि एकट्यानं पंप उघडून परत बसवता येत असेल तर तीस. रात्रीच्या कॉलचे पैसे वेगळे. इंधनाचा खर्च कंपनीचा, तो या पगारात धरलेला नाही.

*चित्र: मोटारीला मेगर लावलेला, काटा दिसतोय.*

काम असं. दिवसाला तीन-चार ठिकाणी जायचं. सील आणि बेअरिंग बदलायचं, मोटारीचं वाइंडिंग तपासायचं, कामाच्या कागदावर सही घ्यायची. महिन्यातून साधारण चार रात्री कॉल येतो. आठवड्याला एक सुट्टी. आम्ही चौदा जण आहोत आणि काम फक्त पंपांचं करतो.

*चित्र: नंबर, खाली तीन ओळींचा नमुना, तारीख.*

अर्ज करायला या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करा. नाव, राहायला कुठे, पंपांवर किती वर्षं, एवढंच लिहा. बायोडेटा नको. कॉमेंट अर्ज धरली जाणार नाही. शेवटची तारीख वीस. अर्जाचे किंवा मुलाखतीचे पैसे आम्ही घेत नाही."

मोठ्यानं वाचून १ मिनिट ८ सेकंद.

निळा_डबा

पहिल्या वाक्यात जागेचा भाग कुठाय? लांबचे लोक शेवटपर्यंत ऐकतील आणि मग विचारतील.

शाईची_दौत

इथे मुद्दाम गाळला, तिकडे आहे.

खडूफळा

"शेवटची तारीख वीस." कुठल्या महिन्याची वीस?

शाईची_दौत

:( लंबकांनी सांगूनही.

कट_टू

चांगलं झालंय. दोन सूचना. नंबर शेवटच्या दृश्याच्या सुरुवातीलाच आणा म्हणजे वाक्यं बोलेपर्यंत वीसेक सेकंद दिसेल. आणि "आम्ही चौदा जण" काढलंत तर एक मिनिटाच्या जवळ याल.

दुसरी सूचना चित्रीकरणाची. पगाराची चार वाक्यं आणि तारखेचं वाक्य वेगळे तुकडे म्हणून घ्या, आधी-नंतर कट. पुढच्या भरतीत तेवढेच बदलता येतील. मात्र त्यावेळी त्याच खोलीत, तोच माइक तितक्याच अंतरावर धरा, नाही तर नेमका पगार सांगताना आवाज बदलतो आणि कोणीतरी वरून चिकटवल्यासारखा वाटतो.

लंबक

"चौदा जण" काढू नका. छोट्या ठिकाणी काम करायला आवडणारे आणि न आवडणारे दोघेही त्या एका वाक्यावर ठरवतात. कमी करायचंच असेल तर "कामाच्या कागदावर सही" काढा.

कट_टू

सही राहू दे. लिखापढीला कंटाळणारे त्यावरच गळतात.

रखवालदार

मालकांनी "जास्तीत जास्त तीस" म्हणावं, नुसतं "तीस" नको. लिहून ठेवा, सगळे तीस मागतील.

हिशेबनीस

@शाईची_दौत, एकच विचारतो. २३ आणि २६ वाल्यांशी बोलणं झालं का?

शाईची_दौत

सोमवारी. मालक म्हणत होते शूटिंग शनिवारी उरकू, वाढीचं नंतर सांगू. त्यात शूटिंगमध्ये सील काढणारे हात २३ वाल्याचेच घ्यायचे ठरलेत.

हिशेबनीस

मग पगाराची ती चार वाक्यं त्याच्यासमोरच वाचली जाणार. शूटिंग मंगळवारी ठेवा.

शाईची_दौत

मंगळवार केलं. तारीखही वीसऐवजी पंचवीस करते, महिना आणि वर्ष घालून.